एका पुडीला एक लिटर पाणी: बाळाच्या जुलाबात ओआरएस कसे द्यावे

पावसाळ्यात वस्तीत फिरताना ओआरएसची पुडी जवळजवळ प्रत्येक घरात सापडते. आशाताई ती फुकट देतात. पण ती कालवली कशी, असे आम्ही विचारतो तेव्हा निम्म्या घरांत उत्तर येते, "थोडी ग्लासात टाकली, बाकी घडी करून ठेवली."

नेमके इथेच बिघडते. पुडीत मीठ आणि साखर (ग्लुकोज) मापून एकत्र केलेले असते. आतड्यातून मीठ शरीरात शिरायला साखरेची सोबत लागते आणि त्या दोघांच्या मागोमाग पाणी आत जाते. जुलाब सुरू असले तरी हे काम चालू राहते. मात्र पाणी कमी पडून द्रावण घट्ट झाले, तर उलटे होते. शरीरातलेच पाणी आतड्यात ओढले जाते, जुलाब वाढतात, रक्तात मीठ चढते आणि बाळाला आकडीही येऊ शकते. पाणी जास्त झाले तर द्रावण पुरेसे काम करत नाही. शिवाय पुडीतली पावडर थोडी थोडी काढली, तर प्रत्येक वेळी मीठ-साखर सारख्या मापात येईलच असे नाही. म्हणून पुडी फोडली की पूर्ण वापरायची.

एका घरातली गोष्ट सांगतो. दीड वर्षाची मुलगी, सकाळपासून पाच पातळ शी. आईने अख्खी पुडी स्टीलच्या एका पेल्यात कालवली होती. "एवढीशी पोर लिटरभर कुठे पिणार?" हे तिचे म्हणणे. मुलगी चिडचिडी झाली होती आणि सारखे पाणी मागत होती. आम्ही द्रावण चाखले, तर खारट लागले. नीट झालेले ओआरएस डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागता कामा नये. ते ओतून दिले आणि नव्याने केले.

नळाला पाणी सकाळी अर्धा तास, बाकी दिवस पिंपातले. ते पाणी फडक्यातून गाळून पातेल्यात उकळले. खळखळ उकळी फुटल्यावर एक मिनिट तसेच ठेवले आणि झाकण ठेवून गार केले. माप गार झाल्यावर घ्यायचे, कारण उकळताना पाणी आटते. मापाला एक लिटरची पाण्याची रिकामी बाटली धुऊन घेतली. साबणाने हात धुऊन तेवढ्या पाण्यात पूर्ण पुडी विरघळवली. वरून साखर, मीठ किंवा दूध काही घालायचे नाही आणि द्रावण पुन्हा उकळायचे नाही. झाकून ठेवलेले द्रावण २४ तास चालते, उरलेले फेकून द्यायचे. बाजारात २०० मिलिलिटरच्या छोट्या पुड्याही मिळतात, म्हणून पुडीवरचे माप आधी वाचावे. ओआरएससारखे नाव असलेली गोड पेये मात्र त्याच्या जागी चालत नाहीत.

दोन महिने ते दोन वर्षांच्या बाळाला प्रत्येक पातळ शीनंतर पाव ते अर्धा कप, म्हणजे ५० ते १०० मिलिलिटर द्यायचे. त्याहून मोठ्याला अर्धा ते एक कप. बाटलीने नको, वाटी-चमच्याने. त्या मुलीने पहिल्याच घोटांना उलटी केली. आई घाबरली, पण उलटीने थांबायचे कारण नसते. दहा मिनिटे थांबलो, मग दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा. संध्याकाळपर्यंत तिला दोनदा लघवी झाली आणि ती खेळणे मागू लागली.

जुलाब त्या दिवशी थांबले नव्हते, हेही सांगायला हवे. ओआरएस जुलाब थांबवत नाही, गेलेले पाणी भरून काढते. अंगावरचे दूध, पेज, मऊ वरण-भात चालूच ठेवावे. सोबत झिंकची गोळी १४ दिवस द्यावी, जुलाब थांबले तरी. सहा महिन्यांवरील बाळाला २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला त्याच्या निम्मी. मोठ्यांची जुलाब बंद करायची गोळी बाळाला कधीही देऊ नये.

पुडी नसेल, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मीठ चिमटीने नको, प्रत्येकीची चिमूट वेगळी असते.

बाळ सुस्त पडले, उठवूनही नीट जागे होत नाही, पिऊ शकत नाही, प्यायलेले सगळे उलटते, शीत रक्त दिसते, डोळे खोल गेलेत, सहा तास लघवी नाही, किंवा पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू खाली बसते, यातले एकही दिसले तर घरी वाट पाहू नये. खूप ताप असेल, दिवसभर ओआरएस देऊनही शी वाढतच असेल, तरी न्यावे. दोन महिन्यांच्या आतले बाळ असेल तर जुलाब दिसताच न्यावे. दवाखाना लांब असेल आणि बाळ जागे असून गिळत असेल, तर रिक्षात बसल्यावरही चमचा चालू ठेवावा.