साज आणि नाणे



लग्नाच्या याद्या होताना मुलीच्या अंगावर किती सोने घालायचे हे ठरते, पण ते कोणत्या रूपात घालायचे हा प्रश्न बहुधा सराफाच्या दुकानात पोचल्यावर उभा राहतो. कोल्हापूरच्या गुजरीत आलेल्या एका कुटुंबाची ही गोष्ट. मंगळसूत्र वरपक्षाकडून यायचे होते. मुलीकडच्यांच्या हातात सोन्यासाठी एक लाख दहा हजार रुपये होते आणि हॉलचे उरलेले पैसे द्यायचे असल्याने त्यावर एक रुपयाही चढवता येणार नव्हता. आजीला नातीच्या गळ्यात कोल्हापुरी साज हवा होता, तर वडिलांच्या मनात दहा ग्रॅमचे एकच नाणे होते.

हिशोब सोपा व्हावा म्हणून त्या दिवशी शुद्ध सोन्याचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरू. साज बावीस कॅरेटचा, म्हणजे हजारात ९१६ भाग सोने, म्हणून त्याचा भाव ९,१६० रुपये. सराफाने साज काट्यावर ठेवला तेव्हा वजन चौदा ग्रॅम भरले आणि आजीचा चेहरा खुलला. पण साजाचे जवमणी पोकळ असतात आणि त्यांच्या आत लाख भरलेली असते. सोने दहाच ग्रॅम होते. सराफाने पावतीवर ग्रॉस आणि नेट अशी दोन्ही वजने वेगळी लिहिली, हा त्याचा चांगुलपणा नव्हे, ते त्याने करायलाच हवे. एकच आकडा लिहिलेला असेल तर चार ग्रॅम लाखेचे छत्तीस हजारांहून अधिक रुपये सोन्याच्या भावाने जातात.

दहा ग्रॅमचे ९१,६०० रुपये झाले. साजाला नाजूक हातकाम लागते, म्हणून घडणावळ अठरा टक्के, म्हणजे १६,४८८ रुपये. एकूण रकमेवर तीन टक्के जीएसटी लागून आकडा १,११,३३१ वर गेला. नाण्याचे सोने शुद्ध असल्याने मूळ किंमत एक लाख झाली, पण मजुरी तीनच टक्के, त्यामुळे जीएसटीसह १,०६,०९० रुपये झाले.

साज बजेटबाहेर जात होता तो १,३३१ रुपयांनी. एवढे सराफाने सोडलेही असते. खरा फरक मोडीच्या वेळी दिसतो. त्याच भावात साज मोडला तर फार तर ९१,६०० रुपये येतात, त्यातूनही वितळवण्याची तूट कापली जाते. घडणावळ आणि कर मिळून जवळजवळ वीस हजार परत येत नाहीत. नाण्यात हा तोटा सहा हजारांच्या आसपास राहतो. मात्र नाणे बँकेतून घेतले तर बँक ते परत विकत घेत नाही, मोडायला सराफाकडेच जावे लागते. म्हणून सराफाकडूनच घ्यावे आणि परत घेताना किती कापणार हे आधी विचारावे.

वडिलांची बाजू इथवर भक्कम होती. मग मुलीच्या आत्याने विचारले, "चार वर्षांनी याचाच साज करायचा झाला तर?" सराफाने कागद उलटा करून मागे हिशोब मांडला. नाण्याचे पूर्ण एक लाख वळते केले तरी साजाची घडणावळ आणि कर तेव्हा भरावेच लागतात, त्यामुळे आणखी ११,३३१ रुपये घालावे लागतील. दोन्ही खर्च मिळून १,१७,४२१, म्हणजे आजच साज घेण्यापेक्षा ६,०९० रुपये जास्त. नाणे स्वस्त पडते ते नाणेच राहिले तर. नंतर दागिना करायचा नक्की असेल तर ते महागात पडते.

म्हणून भाव आणि टक्के बाजूला ठेवून मुलीलाच विचारले गेले. ती पुण्याला नोकरीत होती, रोज लोकलने जायची, आणि साज वर्षातून दोनदा तरी घालीन का याची तिला खात्री नव्हती. शिवाय आजीचा जुना साज घरात होताच. लग्नाच्या दिवशी तो घालायचा, दोरा तेवढा नवा करून घ्यायचा, असे ठरले. रोज घालण्यासारखे काही हवे असते, तर आत्याच्या मते याच पैशांत घडणावळ कमी असलेली साधी साखळी बरी पडली असती, आणि ते मत बरोबर होते.

नाण्याचे पाकीट सीलबंद होते, त्यावर ९९९ ही शुद्धता आणि वजन छापलेले. साज घेतला असता तर हॉलमार्कचा सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी क्रमांक बीआयएस केअर ॲपवर घालून तिथेच पडताळता आला असता. पावती मुलीच्या नावाने केली, कारण ते तिचे स्त्रीधन. घरी आल्यावर आजीने पाकीट न फोडता, वरूनच हळदकुंकू लावून देवापुढे ठेवले.