परतीच्या मालात ‘खराब’ कोणता?

प्रश्न : कुणकेश्वरला आमचं आमरसाच्या डब्यांचं गोदाम आहे. महाशिवरात्रीच्या जत्रेनंतर दुकानदार उरलेला माल परत पाठवतात. नवीन मुलं दरवेळी वेगळा निर्णय घेतात. कार्यपद्धती कशी लिहावी?

उत्तर : ‘खराब माल बाजूला ठेवा’ असं लिहिलं असेल, तर घोळ तिथेच आहे. डोळ्याला दिसेल, बोटाला कळेल अशी खूण लिहा. माल उतरला की बॅच नंबर पावतीशी जुळवून नोंदवहीत लिहायचा आणि डबे ‘तपासणी बाकी’च्या जागी ठेवायचे, विक्रीच्या रॅकवर नाही. मग मुदत बघून दोन्ही तोंडं अंगठ्याने दाबायची. मुदत संपलेला, फुगलेला, दाबल्यावर टक्‌ करून परत येणारा, गळका किंवा जोडावर चेपलेला डबा लाल क्रेटमध्ये. उघडून वास किंवा चव घ्यायची नाही. विषारी जंतू असूनही वास येईलच असं नाही. शंका आली तरी लालच. एका बॅचचे दोन डबे फुगलेले निघाले, तर ती पूर्ण बॅच थांबवून तुम्हाला कळवायचं. दुकानदाराला क्रेडिट नोट तपासणीनंतरच.

कार्यपद्धतीचा कागद लावण्याआधी नव्या मुलाला तो कागद आणि चांगले-वाईट मिसळलेले डबे द्या आणि गप्प उभे राहा. तो जिथे विचारेल, ते वाक्य पुन्हा लिहा.