बाळाच्या पोटात गॅस: सायकल कशी चालवायची, पोट कसं चोळायचं आणि कधी हात लावायचा नाही

संध्याकाळी दिवे लागले की तान्हं बाळ पाय पोटाशी घेतं, लालबुंद होतं आणि कळवळून रडतं. गॅस झालाय असं म्हणून घरातलं कोणीतरी पोट चोळायला बसतं. चोळणं चुकीचं नाही. पण कोणत्या बाजूने, किती जोराने आणि आधी काय पाहून, हे ठाऊक हवं.

बाळाच्या पोटात हवा मुख्यतः तोंडातून जाते. स्तन नीट तोंडात आला नसेल तर दुधाबरोबर हवा जाते, बाटलीतून जाते आणि रडतानाही जाते. म्हणजे गॅसमुळे बाळ रडतं, तसंच रडल्यामुळेही गॅस होतो. चोळण्याने आत साठलेली हवा पुढे सरकायला मदत होते, एवढंच तिचं काम. हवा आत जाणं कमी करायचं तर पाजताना स्तनाचा फक्त बोंडाचा भाग नव्हे, भोवतीचा काळा भागही बाळाच्या तोंडात जायला हवा, आणि पाजून झाल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढायला हवा.

आधी लंगोट सोडून पाहा

बाळ दोन रडण्यांच्या मध्ये शांत असेल तेव्हा पोटावर हात ठेवा. पोट मऊ लागलं पाहिजे. मग लंगोट पूर्ण सोडून दोन्ही जांघा पाहा.

हे का सांगते, तर दहिसर पूर्वेच्या एका वस्तीत एकाच गल्लीत दोन बाळं होती. दोघंही संध्याकाळी पाय आखडून रडायची. पहिली दीड महिन्याची मुलगी. वजन वाढत होतं, लघवी भरपूर, पोट मऊ. आजी दूध पाजल्या पाजल्या जोराने पोट चोळायची आणि पोरगी दूध ओकायची. चोळण्याची वेळ आणि जोर बदलला. चार-पाच दिवसांत ओकणं थांबलं, पाय हलवताना गॅस सुटू लागला. रडणं पूर्ण थांबलं नाही, पण सावरायला सोपं झालं. दुसरा दोन महिन्यांचा मुलगा. त्याचा लंगोट सोडला तर उजव्या जांघेत रडताना लिंबाएवढा फुगा येत होता. तो गॅस नव्हता, हर्निया होता. तिथे ना मालीश, ना सायकल. त्याला दवाखान्यात पाठवलं आणि पुढे ऑपरेशन झालं. रडणं दोघांचं सारखंच होतं. फरक लंगोट सोडल्यावर दिसला.

पोट चोळण्याची रीत

दूध पाजून किमान अर्धा तास होऊ द्या. रडणं टिपेला पोचलेलं असताना सुरू करू नका. बाळ जागं आणि शांत असताना करा. नाळ गळून बेंबी कोरडी झालेली असावी. तोवर पोटाला तेल लावायचं नाही.

अंगठ्या, बांगड्या काढा, नखं कापा, हात धुऊन एकमेकांवर घासून गरम करा. बाळाला जमिनीवर गोधडीवर उताणं ठेवा, पंखा बंद करा. तळहाताला दोन-तीन थेंब खोबरेल पुरे. बेंबीत, नाकात, कानात तेल घालायचं नाही.

आता दिशा. तुम्ही बाळाच्या पायांकडे बसलात की बाळाची उजवी बाजू तुमच्या डाव्या हाताला येते. मोठं आतडं बाळाच्या उजव्या जांघेपासून वर चढतं, बरगड्यांखालून आडवं जातं आणि डाव्या बाजूने खाली उतरतं. म्हणून हात तुमच्या डावीकडून वर, मग आडवा, मग तुमच्या उजवीकडून खाली फिरवायचा. समोर घड्याळ ठेवलं तर काटे फिरतात तशी. उलट फिरवलं तर हवा बाहेरच्या वाटेकडे न जाता मागे ढकलली जाते.

बोटांनी खुपसायचं नाही, सपाट बोटांनी चोळायचं. जोर किती? मिटलेल्या पापणीवर बोट ठेवून पाहा. जेवढं सहन होतं तेवढाच. बरगड्यांच्या अगदी खाली उजवीकडे यकृत असतं, तिथे दाबू नका. सावकाश आठ-दहा फेऱ्या पुरेत.

सायकल

दोन्ही पाय घोट्याच्या वर, पोटरीपाशी सैल धरा. एक गुडघा हळूच पोटाकडे न्या, तेव्हा दुसरा पाय खाली येऊ द्या. मग बदला. पाय ओढून सरळ करू नका. तान्ह्याचे पाय वाकलेलेच असतात, तो दोष नाही. गुडघे एकमेकांना चिकटवू नका, थोडे फाकलेले राहू द्या, म्हणजे खुब्यावर ताण येत नाही. कंबर जमिनीवरून उचलू नका. आठ-दहा फेऱ्या झाल्या की दोन्ही गुडघे मिळून पोटाशी न्या, पाच आकडे मोजा, सोडा. हे दोन-तीनदा. बहुतेक वेळा गॅस इथेच सुटतो.

सगळं मिळून पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीन वेळा. बाळ ताठ झालं किंवा रडू लागलं तर थांबा आणि उचलून छातीशी घ्या. पाय हलवताना खुब्यात कटकट लागत असेल किंवा एक मांडी दुसरीइतकी फाकत नसेल, तर सायकल सोडा आणि डॉक्टरांना दाखवा. दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या किंवा फार कमी वजनाच्या बाळासाठी आधी डॉक्टरांना विचारा.

याने काय होणार नाही

संध्याकाळचं हे रडणं साधारण सहाव्या आठवड्यात सर्वांत जास्त असतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत आपोआप उतरतं. चोळण्याने ते बंद होतं असं पक्कं सिद्ध झालेलं नाही. म्हणून रडणं थांबेना तर जोर वाढवायचा नाही. फक्त आईच्या दुधावरचं बाळ महिन्यानंतर दोन-चार दिवस शी करत नसेल, पण दूध पीत असेल, पोट मऊ असेल आणि शी मऊ होत असेल, तर ते बद्धकोष्ठ नव्हे. त्यासाठी विड्याच्या पानाचा देठ किंवा साबणाची कांडी आत घालू नका, इजा होते. घुटी, ग्राइप वॉटर, ओव्याचं पाणीही नको. सहा महिने आईचं दूध पुरे.

आणि चटका तर कधीच नाही. मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाला तापलेल्या विळ्याचे चटके देतात. फेब्रुवारी 2025 मध्ये सिमोरी गावातल्या 22 दिवसांच्या बाळाच्या पोटावर असे 65 चटके दिल्याचं उघड झालं. फुगलेल्या पोटाला तपासणी लागते, आग नाही.

तेल बाजूला ठेवा, दवाखान्यात जा

हिरवी उलटी झाली, शीत रक्त दिसलं, पोट ताठ आणि चकचकीत झालं किंवा हात लावताच बाळ किंचाळलं, तर वाट पाहू नका. जांघेतला फुगा आत जात नसेल तर त्याच तासाला निघा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, दूध न ओढणं, सुस्त पडणं, धाप लागणं, जन्मल्यावर दोन दिवसांत पहिली काळी शी न होणं, हीही तशीच लक्षणं. दहिसरहून कांदिवलीचं शताब्दी हॉस्पिटल जवळ आहे. गाडी नसेल तर 108 लावा. तिथे पोचल्यावर उलटीचा रंग, शेवटचं दूध केव्हा घेतलं आणि शेवटची लघवी केव्हा झाली, या तीन गोष्टी आधी सांगा. उलटीने भिजलेलं फडकं धुऊ नका, तसंच सोबत न्या. रंग पाहूनच डॉक्टरांना खूप काही कळतं.