गोल शिक्क्यातला ध

आमच्या शाळेचा जुना शिक्का झिजला आहे. दाखल्यावर मारला की निळा गोल उमटतो, पण नाव लागत नाही. माझी ताई पाचवीला दुसऱ्या गावच्या शाळेत गेली, तेव्हा तिथं विचारलं, "हा शिक्का कोणत्या शाळेचा?" मग बापूंना पुन्हा यावं लागलं. आता नवा शिक्का करायचा आहे. गुरुजी म्हणाले, "चित्र तुम्ही काढा, दुकानदार त्यावरून करील."

शिक्का ४ सेंटिमीटर रुंद हवा. एवढ्याशा गोलात पेन्सिल फिरत नाही, म्हणून आम्ही चौपट काढला, म्हणजे १६ सेंटिमीटर रुंद. कंपासने ८ सेंटिमीटर त्रिज्येचा बाहेरचा गोल आणि ५ चा आतला गोल काढला. मधल्या ३ सेंटिमीटरच्या पट्ट्यात अक्षरं बसवायची. त्यात वेलांटी, मात्रा नि टिंबासाठी १ सेंटिमीटर, अक्षराला दीड आणि खालच्या उकारासाठी अर्धा ठेवला.

वरच्या बाजूला "जिल्हा परिषद प्राथमिक शाळा" आणि खालच्या बाजूला "ता. कंधार जि. नांदेड" असं लिहायचं. गावाचं नाव मधे सरळ येणार. मुख्याध्यापकांचा शिक्का वेगळा, लांबट असतो, म्हणून "मुख्याध्यापक" हा जोडाक्षरांचा मोठा शब्द गोलात कोंबायला लागला नाही. छत्रपती शिवाजी महाराजांची राजमुद्रा अष्टकोनी होती आणि तिच्यात अक्षरं आडव्या ओळींत आहेत. आमचं काम गोलाचं, म्हणून अवघड.

आता अक्षरं मोजा. वर १२ अक्षरं आणि शब्दांमधल्या ३ मोकळ्या जागा, म्हणजे १५ घरं. खाली ८ अक्षरं आणि ३ जागा, म्हणजे ११ घरं. एकूण २६ झाली. आम्ही पातळ कागदाचा गोल कापून पाच वेळा अर्धा दुमडला. उलगडला तर ३२ सारखी घरं पडली. २६ अक्षरांना दिली. उरली ६, म्हणून दोन्ही बाजूंना ३-३ घरं सोडून मधे एकेक चांदणी काढली. चांदणी नसली तर वरची ओळ कुठं संपते ते कळत नाही. घरं सारखी असली तरी अक्षरं सारखी नसतात. शा, ल्हा रुंद आहेत आणि र बारीक, म्हणून शब्दांमधल्या जागा जरा कमी केल्या आणि रुंद अक्षरांना दिल्या.

प्रत्येक अक्षराचा दांडा गोलाच्या मध्याकडे धरायचा. वरच्या ओळीत अक्षरांची डोकी बाहेर येतात. डोक्याशी एक घर १४ मिलिमीटरच्या आसपास आहे, पण पायाशी ११ च राहतं, म्हणून पाय दाटतात. खालच्या ओळीत उलटं होतं. ती सरळ वाचता यावी म्हणून डोकी आत करावी लागतात, मग डोकी दाटतात नि पाय फाकतात. वेलांटी, टिंबंही आत येतात. म्हणून वरच्या ओळीची शिरोरेघ ७ सेंटिमीटर त्रिज्येवर आली आणि खालच्या ओळीची ६ वर.

शिरोरेघ पट्टीने काढू नका. प्रत्येक अक्षराची सरळ रेघ वेगळी पडते आणि ओळ मोडक्या कुंपणासारखी दिसते. कंपासने काढली तर छान वळते. पण इथंच खरी गंमत आहे. कंपास फिरतच राहतो. ध च्या डोक्यावर रेघ मोकळी असते, तिथूनही तो जातो. ध मिटला की घ होतो. मग कंधारचं "कंघार" होतं! सगळी पोरं लई हसली. थ चंही डोकं असंच मोकळं असतं. ते मिटून आतली गाठही शाईने भरली की थ चा य दिसतो नि "प्रायमिक" वाचलं जातं.

ही मोकळी जागा किती ठेवायची? चित्रातले २ मिलिमीटर शिक्क्यात अर्धा मिलिमीटर होतात. शाई कागदावर पसरते, ती शिक्का लहान म्हणून कमी पसरत नाही. अर्धा मिलिमीटर ती सहज भरून टाकते. म्हणून आम्ही चित्रात ४ मिलिमीटर मोकळे सोडले. नांदेडमधलं आणि कंधारमधलं टिंबही शिरोरेघेपासून असंच लांब ठेवलं, नाहीतर ते रेघेला चिकटून गाठीसारखं दिसतं. ष चा पोटातला दांडा बारीक केला.

तपासायची युक्ती गुरुजींनी सांगितली. आपण पुस्तक एका हातावरून वाचतो. चित्र चौपट आहे, म्हणून ते भिंतीला लावून चार हातांवरून वाचायचं. मग ते शिक्क्याएवढंच दिसतं. पहिलीतल्या पोरांना उभं केलं तर त्यांनी "परिषद" पाठच म्हणून टाकलं. म्हणून ज्याला शब्द माहीत नाहीत अशाकडून एकेक अक्षर वाचून घ्यावं. सीताफळं विकायला आलेल्या मावशींना विचारलं. त्यांना ध, थ नीट लागले, पण ळा ला त्या जरा थांबल्या. त्याची दोन्ही पोटं आम्ही मोठी केली.

रबरावर अक्षरं उलटी असतात, पण दुकानदाराला चित्र सुलटंच द्यायचं. उलटं तो करून घेतो. नवा शिक्का आला की पहिला ठसा या लेखाखाली चिकटवू. आल्या आल्या ध बघा.