कठीण विषय आधी की शेवटी?

प्रश्न: संचालक मंडळाच्या दोन तासांच्या सभेत तिमाही आकडे, अंदाजपत्रक, नवे कर्ज आणि तोट्यातला कारखाना बंद करणे, असे चार विषय मांडायचे आहेत. कारखान्याचा विषय कुठे ठेवू?

उत्तर: मागचे इतिवृत्त मंजूर झाले की तिमाही आकडे दहा मिनिटांत संपवा आणि लगेच कारखान्याकडे वळा. तोटा तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो. शिवाय अंदाजपत्रक आणि कर्ज त्याच निर्णयावर ठरणार. आधी मंजूर केलेत तर पुन्हा उघडावे लागतील. शेवटी ठेवलात तर कोणाला तरी विमान गाठायचे असते, आणि ‘पुढच्या सभेत पाहू’ हे ठरलेलेच! मात्र टिपण सात दिवस आधी, विषयपत्रिकेसोबतच पाठवा. तासाभरात निर्णय झाला नाही, तर अंदाजपत्रक आणि कर्जाचे विषयही पुढे ढकला.