एकच रेघ, दोन गिऱ्हाइकं

इचलकरंजीत माझा शिवणक्लास आहे आणि त्याच खोलीतून यूट्यूब चॅनेल चालतं. कापणी मी दाखवते. शूटिंग, एडिटिंग आणि आकडे भाचा बघतो. आकड्यांतला आमचा जिव्हाळ्याचा म्हणजे रिटेन्शनचा आलेख, व्हिडिओच्या कितव्या सेकंदाला किती टक्के लोक टिकून आहेत ते सांगणारी रेघ. ती रेघ वाचायला चुकले म्हणून काय काय झालं, ते लिहिते आहे.

१. सरासरी घसरली म्हणजे व्हिडिओ बिघडला असं नाही

कटोरी ब्लाउजच्या व्हिडिओत पहिल्या अर्ध्या मिनिटानंतर ४८.५ टक्केच बायका उरल्या. त्याआधीच्या व्हिडिओत हा आकडा ६४ होता. मी हबकले. कटोरीत मी बोलणं कमी करून थेट कापडावर हात घातला होता. तेच आवडलं नसणार असं धरून पुढचे दोन व्हिडिओ पुन्हा जुन्या, ऐसपैस पद्धतीने केले.

मग भाच्याने यूट्यूब स्टुडिओत तोच आलेख नव्या आणि परत येणाऱ्या प्रेक्षकांत वेगळा करून दाखवला. आधीच्या व्हिडिओला १,००० व्ह्यूज होते. त्यातले ८०० नेहमीच्या बायकांचे, त्यांच्यातल्या ७० टक्के टिकल्या. २०० नव्यांचे, त्यांच्यातल्या ४० टक्के. म्हणजे ५६० आणि ८० मिळून ६४०. कटोरीला १०,००० व्ह्यूज आले, पण नेहमीच्यांचे फक्त १,५००. त्यांच्यातल्या ७४ टक्के टिकल्या आणि ८,५०० नव्यांतल्या ४४ टक्के. दोन्हीकडे आकडा चार-चारने वर गेला होता! सरासरी पडली ती नव्यांची गर्दी झाली म्हणून. सर्चमधून आलेली अनोळखी बाई नेहमीच्या बाईइतकी कधीच टिकत नाही, त्यामुळे व्हिडिओ जितका पसरेल तितकी एकत्रित रेघ खाली येते. एका बाईची छाती ३२, दुसरीची ४०, म्हणून मी ३६ चा ब्लाउज शिवला असता तर क्लासातल्या पोरी हसल्या असत्या. इथे मात्र दोन महिने तेच करत होते.

२. न हलणारी सरासरी जास्त फसवते

घसरलेला आकडा निदान झोप उडवतो. मधल्या काळात आमची सरासरी ५७-५८ वर होती आणि आम्ही निवांत होतो. जुने व्हिडिओ उघडून पाहिल्यावर कळलं, की आधी निम्मे व्ह्यूज नव्यांचे असायचे, नेहमीच्यांतल्या ७० टक्के टिकायच्या आणि नव्यांतल्या ४५. सरासरी ५७.५. नंतर नेहमीच्यांचा वाटा ६० टक्के झाला, त्या ७५ टक्के टिकू लागल्या, आणि नव्या ३० वर आल्या. सरासरी ५७. अर्ध्या टक्क्याच्या फरकाकडे कोण बघतं?

कारण शोधायला दूर जावं लागलं नाही. व्हिडिओच्या सुरुवातीला मी कमेंट करणाऱ्या मैत्रिणींची नावं घ्यायचे, मग "मागच्या भागात आपण अस्तर लावलं होतं" वगैरे. नेहमीच्यांना ते घरच्यासारखं वाटायचं. पण साध्या ब्लाउजची कापणी शोधत आलेल्या बाईला कुठलं अस्तर नि कुठला मागचा भाग! ती आमच्या गप्पा संपेपर्यंत थांबायची नाही.

आता पहिल्या पाच सेकंदांत तयार ब्लाउज दाखवतो, लगेच माप सांगतो, आणि नावं शेवटी घेतो. नव्या ३० वरून ४१ वर आल्या. नेहमीच्या ७५ वरून ७३ वर गेल्या, आणि एकीने लिहिलंच, "ताई, आता नमस्कारसुद्धा नाही का?" त्या दोन टक्क्यांचं मला वाईट वाटलं, पण सौदा मान्य होता. दोन वेगळे आकडे समोर नसते तर असा सौदा करतोय हेही कळलं नसतं.

३. सपाट रेघेखाली खड्डा आणि उंचवटा एकाच जागी असू शकतात

हे मला सगळ्यात उशिरा कळलं. साध्या ब्लाउजच्या व्हिडिओत २:१० ते २:५० या वेळात मी माप कागदावर उतरवते: छाती ३६, तिचा चौथा भाग ९, शिलाईची माया दीड, एकूण साडेदहा इंच. एकत्रित रेघ तिथे इस्त्री केल्यासारखी सपाट होती. "मावशी, इथे काहीच प्रॉब्लेम नाही," भाचा म्हणाला. रेघ दोघींत विभागली आणि त्याचाच आवाज बदलला.

नेहमीच्यांची रेघ २:१० ला खाली जात होती आणि २:५० ला जवळपास पूर्वीच्या उंचीवर येत होती. रेघ पडून परत वर आली तर लोक पुढे ढकलून गेलेले असतात. पडून खालीच राहिली तर व्हिडिओ सोडून गेलेले असतात. या बायकांना चौथा भाग पाठ आहे, त्या ढकलून पुढे जात होत्या. नव्यांची रेघ मात्र त्याच जागी फुगली होती. मागे जाऊन तोच भाग पुन्हा पाहिला की तो पुन्हा मोजला जातो, म्हणून रेघ वर चढते. एकीचा खड्डा दुसरीच्या उंचवट्याने भरून निघत होता.

फुगवटा म्हणजे भाग आवडला, अशी माझी समजूत होती. तो तुकडा मोठ्या पडद्यावर लावून पाहिला तेव्हा दिसलं, की साडेदहावर खूण करताना माझा डावा तळवा नेमका टेपच्या आकड्यांवर होता. बायका मागे जाऊन माझ्या बोटांतून आकडा शोधत होत्या.

पुढच्या व्हिडिओपासून टेप माझ्या हाताच्या वर धरली आणि आकडा पडद्यावर मोठ्या अक्षरांत टाकला. नेहमीच्यांसाठी वर्णनात चॅप्टर लिहिले. पहिला ०:०० पासून लागतो, किमान तीन लागतात, आणि प्रत्येक निदान दहा सेकंदांचा हवा, नाहीतर ते दिसत नाहीत. नव्यांचा फुगवटा गेला. नेहमीच्या अजूनही तो भाग टाकून जातात, पण आता चाचपडत नाहीत, नेमक्या कापणीवर उतरतात.

४. पहिल्या दिवसाची रेघ बघू नये

पहिल्या दिवशी येतात त्या बहुतेक नोटिफिकेशन बघून आलेल्या आपल्याच बायका. सर्चमधल्या नव्या हळूहळू जमतात. त्यामुळे कालच्या व्हिडिओची तीन महिन्यांपूर्वीच्या व्हिडिओशी तुलना केली की कालचा नेहमी सरस दिसतो. आम्ही प्रत्येक व्हिडिओचे पहिले सात दिवस धरतो आणि सातच दिवसांशी ताडून बघतो.

५. 'नवी' हा शब्द सैल आहे

वर्षभराहून जास्त काळ चॅनेलकडे न फिरकलेली बाई नव्यांत धरली जाते. बघण्याचा इतिहास पुसणारी आणि प्रायव्हेट विंडोतून बघणारीही. उलट घरात एकाच खात्यावर फोन चालत असेल तर सासूने पूर्वी पाहिलेलं सुनेच्या खात्यात जमा होतं. आणि सबस्क्राइबर म्हणजे परत येणारी असं तर अजिबात नाही. आमच्याकडे बटण न दाबता वर्षानुवर्षं येणाऱ्या खूप आहेत, म्हणून सबस्क्राइबरांचा वेगळा आलेख आम्ही याच्या जागी वापरत नाही.

शिवाय संख्या लहान असली की ही फोड हसू आणते. हुकपट्टीच्या व्हिडिओला आठवड्यात ६० नव्या आल्या. सहाजणी जास्त उठून गेल्या की दहा टक्के खाली. भाचा ती रेघ घेऊन धावत आला होता. मी त्याला म्हटलं, शंभर-दोनशे होऊ देत, मग बघू. महिना झाला, अजून झालेल्या नाहीत.