नखाएवढ्या चौकटीतलं दप्तर : पॉडकास्टचं मुखचित्र कसं तपासायचं?



आमच्या सातवीच्या वर्गाने गोष्टींचा पॉडकास्ट सुरू केला. नाव ठेवलं 'दप्तरातल्या गोष्टी'. मुखचित्र एका विद्यार्थिनीने हाताने रंगवलं होतं. रात्रीचं निळं आकाश, चंद्रकोर, उघडं दप्तर आणि त्यातून बाहेर पडणारी पुस्तकं, पेन्सिली, एक पोपट. वर एका ओळीत पूर्ण नाव होतं. वर्गातल्या मोठ्या पडद्यावर ते इतकं छान दिसलं, की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी एक मुलगा म्हणाला, "सर, आजीला सापडेचना." आजीने फोनवर यादी दोनदा वरखाली केली आणि दोन्ही वेळा आमच्या चित्रावरून बोट पुढे गेलं. आम्ही चित्र पाहिलं होतं पडद्यावर, आजीने पाहिलं फोनवर. मग हाच पाठाचा विषय झाला. मुखचित्र खरोखर जिथे दिसतं तिथे ते कसं तपासायचं, हे आम्ही जसं केलं तसं सांगतो.

आधी पट्टी घ्या

अ‍ॅपल पॉडकास्ट्ससारख्या ठिकाणी मुखचित्र चौरस द्यावं लागतं, 1400 ते 3000 पिक्सेल बाजूचं. आमचं 3000 चं होतं. पण शोधाच्या यादीत ते केवढं दिसतं? मुलांनी फोनवर चक्क पट्टी ठेवून मोजलं. आमच्या फोनवर साधारण 9 मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखाएवढं. तुमच्या फोनवर थोडा फरक पडेल, म्हणून स्वतः मोजा.

आता साधं त्रैराशिक. आमच्या नावातलं अक्षर, शिरोरेषेपासून तळापर्यंत, मूळ चित्रात 290 पिक्सेल उंच होतं. 3000 चे 9 मिलिमीटर, तर 290 चे किती? 0.87. म्हणजे अक्षर एक मिलिमीटरही उंच नाही! अक्षराची रेघ 30 पिक्सेल जाड होती, ती उरते 0.09 मिलिमीटर. आजीचा चष्मा बदलून काही होणार नव्हतं.

इथे आपल्या लिपीची एक गोष्ट मुलांना जरूर दाखवा. 'गोष्टी' लिहायला शिरोरेषेच्या वर वेलांटीची जागा लागते. 'मुलूख' लिहायला खाली उकारांची. नावाची जी पट्टी आखाल, तिची बरीचशी उंची मात्रांनाच जाते आणि अक्षराच्या अंगाला उरलेली मिळते. चित्र लहान झालं की आधी अनुस्वार गळतो, मग वेलांटी शिरोरेषेला चिकटते आणि शेवटी जोडाक्षराची गाठ होते. म्हणूनच इंग्रजी मुखचित्रावर चालून गेलेला अक्षरांचा आकार मराठीत तसाच उचलला, तर फसतो.

पहिली चाचणी : न सांगता वाचायला द्या

चित्र करणाऱ्यांनी ते वाचून दाखवणं ही चाचणी नव्हे. त्यांना नाव पाठ असतं, त्यामुळे डोळा न दिसलेलं अक्षरही भरून काढतो. आम्ही दुसऱ्या वर्गातल्या, नाव माहीत नसलेल्या मुलांना बोलावलं. फोन नेहमीच्या अंतरावर धरला, चित्र 9 मिलिमीटर ठेवलं, दोन सेकंद दाखवलं आणि झाकलं. मग दोनच प्रश्न विचारले : "काय वाचलंस?" आणि "काय दिसलं?" उत्तर जसंच्या तसं लिहून घेतलं, चूक असेल तर चुकीसकट.

पहिल्या चित्राला उत्तरं आली : "काहीतरी गोष्टी", "चंद्र", "निळं काहीतरी". दप्तर कुणालाच दिसलं नाही. पोपट तर नाहीच.

मग वर्गात वाद झाला. पूर्ण नाव हवंच का? एका मुलीने लक्षात आणून दिलं, की यादीत चित्राच्या शेजारी नाव वेगळं छापलेलं असतंच. बरोबर आहे. चित्राचं काम नावाची नक्कल करणं नाही, नजर थांबवणं आणि पुन्हा भेटल्यावर ओळख पटवणं हे आहे. म्हणून 'दप्तर' हा एकच शब्द ठेवायचं ठरलं. योगायोग असा, की या शब्दाला वर-खाली एकही मात्रा नाही, त्यामुळे मिळालेली सगळी उंची अक्षरांनाच आली. अक्षर 750 पिक्सेल झालं, म्हणजे फोनवर सव्वादोन मिलिमीटर.

मुलांनी हौसेने सर्वांत जाड अक्षर निवडलं. 'Baloo 2' चं सगळ्यात जाड वळण, गडद निळ्यावर पांढरं. पुन्हा चाचणी घेतली, तर दोघांनी वाचलं "दत्तर"! जाडीमुळे अर्ध्या 'प'च्या पोटातली मोकळी जागा बुजली होती आणि तो 'त'ला चिकटला होता. ही चूक सोन्यासारखी आहे, कारण नेमकं कुठे बिघडलं ते ती सांगते. "वाचता येत नाही" एवढंच कुणी सांगितलं असतं, तर आम्ही अक्षर आणखी जाड केलं असतं. त्याऐवजी 'Mukta' चं जाड पण मोकळं वळण घेतलं आणि 'प्त'मध्ये थोडं अंतर वाढवलं. यानंतर सगळ्यांनी 'दप्तर' वाचलं. वर्ग खूश.

दुसरी चाचणी : गर्दीत सोडा

पण एकटं वाचता येणं आणि गर्दीत सापडणं या वेगळ्या गोष्टी आहेत. शाळेच्या मैदानावर आपलं मूल एकटं उभं असेल तर कुणालाही दिसतं. प्रार्थनेच्या रांगेत दिसलं तर खरं!

आमचा पॉडकास्ट 'Kids & Family' मधल्या 'Stories for Kids' या गटात होता. त्या गटाच्या यादीचा फोनवर स्क्रीनशॉट घेतला आणि एका चौकटीवर आपलं चित्र त्याच आकारात चिकटवलं. कोपऱ्यात नाही, मधे कुठेतरी, कारण कोपऱ्यातलं चित्र फुकट उठून दिसतं. (हा स्क्रीनशॉट वर्गापुरताच ठेवा. दुसऱ्यांची चित्रं आहेत ती.) मग सगळ्यांना डोळे किलकिले करून पाहायला सांगितलं. बारकावे पुसले जातात आणि फक्त रंगांचे ठिपके उरतात.

आमचा ठिपका शोधता शोधता सापडेना. आजूबाजूला निळी आकाशं, चंद्र, तारे, उघडी पुस्तकं, हसरे चेहरे. रात्रीच्या गोष्टी म्हटलं की प्रत्येकाला हेच सुचतं, आम्हालाही सुचलं होतं. पहिल्या चाचणीत पैकीच्या पैकी मिळालेलं चित्र इथे नापास झालं.

मग मुलांनी फळ्यावर दोन रकाने केले. एकात शेजाऱ्यांकडे वारंवार दिसणारे रंग आणि आकार, दुसऱ्यात तिथे जवळपास न दिसणारे. निवड दुसऱ्या रकान्यातून करायची, पण एका अटीवर : ती गोष्ट आपल्या पॉडकास्टशी नातं सांगणारी हवी. नुसतं वेगळं दिसायचं म्हणून कुणी जिलबी काढायला निघालं होतं! आम्ही केशरी रंग घेतला.

रंग जमला, पण अक्षर?

केशरीवर पांढरी अक्षरं मुलांना फार आवडली. इथे दोन्ही चाचण्या एकमेकींशी भांडतात, गर्दीसाठी निवडलेला रंग वाचण्याच्या आड येतो. चित्र काळं-पांढरं करून पाहा. फोनच्या फोटो संपादनात रंगाची तीव्रता शून्यावर आणली की झालं. आमचा केशरी फिकट राखाडी झाला आणि पांढरी अक्षरं त्यात विरघळली.

आकड्यांत सांगायचं तर उजळपणाचं गुणोत्तर मोजता येतं. वेबवरच्या मजकुरासाठीचे WCAG निकष मोठ्या अक्षरांना किमान 3:1 आणि लहान अक्षरांना 4.5:1 मागतात. पांढरं (`#FFFFFF`) आमच्या केशरीवर (`#FF9933`) जेमतेम 2.1:1 येतं. त्याच केशरीवर गडद निळं (`#1A1A40`) ठेवलं की 7.8:1. नखाएवढ्या चौकटीत सगळीच अक्षरं लहान, म्हणून आम्ही 4.5 ची अट धरली आणि अक्षरं निळी केली.

आणि ते चित्र?

खरा अवघड भाग हा होता. जिने आठवडाभर बसून पोपट रंगवला, तिला काय सांगायचं? आम्ही मत दिलं नाही, चाचणीच तिला घ्यायला लावली. तिने स्वतः मूळ चित्र 9 मिलिमीटर करून पाहिलं, थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "सर, चौकटच दप्तर करू या का?" सबंध केशरी चौरस हेच दप्तर. वरच्या भागात दोन गडद पट्टे, खाली शब्द. पुस्तकं, पेन्सिली, चंद्र, सगळं गेलं. पोपट मात्र वाया गेला नाही. तिचं मूळ चित्र आता वर्गात मोठं करून लावलं आहे, कारण ते त्याच आकारासाठी काढलेलं होतं.

नवं चित्र पुन्हा दोन्ही चाचण्यांतून नेलं. शिवाय दोन बारीक गोष्टी पाहिल्या. बऱ्याच अ‍ॅपमध्ये चौकटीचे कोपरे गोल कापले जातात, म्हणून कोपऱ्यात काहीच ठेवलं नाही. आणि फोनची पार्श्वभूमी काळी असो वा पांढरी, चित्राची कड दिसते ना, हेही दोन्हीकडे तपासलं. काठापर्यंत गडद असलेलं चित्र काळ्या पडद्यात बुडतं, पांढरं चित्र पांढऱ्यात.

तुमच्या वर्गात करायचं असेल तर

संगणक नसला तरी अडत नाही. चित्र कागदावर 1 सेंटिमीटर आकारात छापा आणि इतर लहान चित्रांच्या मधे चिकटवा. छपाईत शाई थोडी पसरते आणि कागद पडद्यासारखा उजळत नाही, म्हणून शेवटचा निकाल फोनवरच लावा. क्रम मात्र पाळा : आधी मोजणं, मग अनोळखी वाचक, मग गर्दी, मग काळं-पांढरं. काहीही बदललं, की पुन्हा पहिल्यापासून. आमच्यासारखं एक दुरुस्त करताना दुसरं बिघडतंच.

एक मर्यादाही सांगून ठेवतो. या चाचण्या चित्र दिसतं का आणि वाचता येतं का, एवढंच सांगतात. गोष्टी चांगल्या आहेत का, हे चित्र सांगू शकत नाही. शिवाय शेजारी बदलत राहतात. उद्या चार जणांनी केशरी रंग घेतला, तर गर्दीची चाचणी पुन्हा घ्यावी लागेल. आम्ही ती दर सत्राच्या सुरुवातीला घ्यायची ठरवली आहे.

आजीला पुन्हा यादी दिली. या वेळी नातवाने काहीच सांगितलं नाही, नुसता शेजारी बसून राहिला. आजीचं बोट वरून खाली येत होतं, ते केशरी चौकटीपाशी थांबलं. "हेच ना रे तुमचं दप्तर?" आजीने विचारलं.

मुलांना घरी द्यायचा प्रश्न : तुमच्या फोनमधल्या कोणत्याही पाच चौकटी निवडा. नाव झाकून कोणत्या ओळखता आल्या, आणि कशामुळे?